८ + ७ = १७ : चुकलेल्या उत्तरामागची वाट

तिसरीतल्या मुलीला तोंडी विचारलं, ‘आठ आणि सात किती?’ आणि ती म्हणाली, ‘सतरा.’ हे उत्तर फुलीवर सोडून देण्यासारखं नाही. इथे लगेच विचारायचं, ‘कसं केलंस, सांग बरं?’ कारण या सतराकडे येणाऱ्या वाटा दोन आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

पहिली वाट दहा करण्याची. आठाला दहा व्हायला दोन हवेत, ते सातातून घेतले की पाच उरतात. दहा आणि पाच पंधरा. यात मुलाला तीन गोष्टी याव्या लागतात: आठ दहाला कितीने कमी आहेत, सातातून दोन गेले की किती उरतात, आणि दहा-पाच म्हणजे पंधरा हे न मोजता सांगणं. अडचण बहुधा मधल्या पायरीवर येते. मूल आठाचे दहा करतं, पण ते दोन कुठून आले हे विसरतं आणि दहात पुन्हा अख्खे सात मिळवतं. झाले सतरा!

अशा मुलासाठी जमिनीवर खडूने दहा घरांच्या दोन चौकटी आखाव्यात. एकीत आठ चिंचोके, दुसरीत सात. उचलण्याआधीच विचारावं, ‘पहिली चौकट भरायला किती उचलशील? मग तिथे किती उरतील?’ उत्तर आलं की मगच चिंचोके हलवू द्यावेत. काही दिवसांनी चौकटी वहीने झाकून तोच प्रश्न विचारावा. ही झाकण्याची पायरी गाळली, तर मूल चिंचोकेच मोजत राहतं.

दुसरी वाट दुपटीची. सात आणि सात चौदा, त्यात एक मिळवला की पंधरा. किंवा आठ आणि आठ सोळा, त्यातून एक कमी. सतरा म्हणणाऱ्या मुलाने कदाचित मोठ्या संख्येची दुप्पट घेतली आणि एक वजा करण्याऐवजी मिळवला. त्याला दोन ओळींत मणी मांडायला द्यावेत, वर आठ, खाली सात. खालच्या ओळीतली रिकामी जागा दिसली की मिळवायचं की काढायचं, हे नियम पाठ न करता कळतं.

‘बे सत्ते चौदा’ घडाघडा म्हणणारं मूल सात अधिक सात मात्र बोटांवर मोजताना दिसतं. पाढा आणि बेरीज त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या कप्प्यांत असतात. म्हणून बेचा पाढा म्हणताना मध्येच थांबून ‘म्हणजे सात आणि सात किती?’ असं विचारत जावं. दुपटी तयार मिळतात.

उत्तर चौदा आलं तर? मुलाने दुप्पट केली आणि वरचा एक राहिला असेल, नाहीतर बोटांवर पुढे मोजताना पहिल्या बोटाला ‘नऊ’ऐवजी ‘आठ’ म्हटलं असेल. हे ओठांकडे आणि बोटांकडे पाहिलं की कळतं.

तिसरीत खरी परीक्षा दोन अंकी संख्यांची. ३८ + २७ घ्या. अडतीसला चाळीस व्हायला दोन हवेत, सत्तावीसमधून ते गेले की पंचवीस. चाळीस आणि पंचवीस, पासष्ट. हातचा लागलाच नाही. फळ्यावर हे लिहिताना मात्र ३८ + २ = ४० + २५ = ६५ असं कधीही लिहू नये. ३८ + २ म्हणजे ४० + २५ नव्हे. मुलांना बरोबरचं चिन्ह ‘पुढे काय’ असं वाटू लागतं आणि ती समजूत पुढे बीजगणितात नडते. त्याऐवजी कोरी संख्यारेषा काढून ३८ वरून ४० वर आणि ४० वरून ६५ वर उडी दाखवावी.

आपल्या संख्यानामांची इथे मदत होते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही नावंच ‘दशकाला एक कमी’ असं सांगतात. म्हणून दोन अंकी बेरजांची सुरुवात ३९ + २६ सारख्या उदाहरणांनी करावी: एक इकडे दिला, चाळीस आणि पंचवीस.

वजाबाकीत हीच उदाहरणं फसवतात. ७२ – २९ मध्ये मूल ३० वजा करून ४२ वर येतं आणि आणखी एक काढून ४१ म्हणतं. ‘काढायचे होते एकोणतीस, तू काढलेस तीस. जास्त काढलेस की कमी?’ एवढं विचारलं की बरीच मुलं स्वतःच ४३ वर येतात.

या युक्त्या सगळीकडे लावू नयेत. ४२ + ३५ मध्ये दशकं आणि एकक वेगळे मिळवणं सोपं. घड्याळ लावून उत्तरं मागितली, तर कच्ची मुलं पुन्हा बोटांकडे वळतात. त्यापेक्षा फळ्यावर २९ + ३४, ३५ + ३६, ४२ + ३५ आणि ४८ + २७ ही चार उदाहरणं लिहावीत आणि उत्तर न काढता फक्त विचारावं, ‘यातलं कुठलं कसं कराल, आणि का?’