तुटलेले सील आणि तक्रारपत्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रिएटिन हे शरीरातही तयार होणारे आणि थोड्या वेळाच्या जोरकस श्रमासाठी स्नायूंना ऊर्जा पुरवण्यास मदत करणारे संयुग असून, बाजारात ते बहुधा क्रिएटिन मोनोहायड्रेट या पांढऱ्या, जवळजवळ चवहीन भुकटीच्या रूपात मिळते आणि दिवसाला 3 ते 5 ग्रॅम एवढे घेतले जाते. अशा भुकटीत दुसरी पांढरी भुकटी मिसळली गेली, तर डोळ्यांना किंवा जिभेला ते कळण्याची शक्यता फार कमी असते; म्हणून डब्याच्या तोंडावरचे सील हीच ग्राहकाच्या हातातील खरी हमी ठरते.

या सीलविषयीचा पहिला गैरसमज असा, की ते तुटलेले असेल तर भेसळ झालीच आहे आणि पत्रातही तसा आरोप ठोकून द्यावा. वस्तुस्थिती वेगळी आहे. झाकणाखालचा ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा विद्युतचुंबकीय उष्णतेने डब्याच्या काठाला चिकटवलेला असतो (याला इंडक्शन सील म्हणतात), आणि उष्णता कमी पडल्यास किंवा काठावर भुकटी सांडलेली असल्यास तो कारखान्यातच नीट चिकटत नाही. न चिकटलेल्या सीलखालचा काठ बहुधा स्वच्छ राहतो, चिकटून नंतर सोललेल्या सीलचे तुकडे किंवा डिंकाचे वळे काठावर उरते, तर पात्याने कापलेल्या सीलची कड सरळ दिसते. पण यांपैकी काहीही आढळले तरी ते कोणी आणि केव्हा केले हे ग्राहकाला सांगता येत नाही. भुकटीच्या गाठीही भेसळीचा पुरावा नव्हेत, कारण पावसाळ्यातील दमट हवा आत शिरली की त्या होतात. तसेच डबा अर्धा भरलेला दिसणेही पुरावा नव्हे, कारण भुकटी वाहतुकीत दबते. मात्र 250 ग्रॅम निव्वळ वजन छापलेला डबा भुकटीसकटच 250 ग्रॅमच्या आत भरला, तर तूट निर्विवाद आहे.

समजा, चिंचोटीच्या एखाद्या ग्राहकाला जुलैमध्ये असा डबा मिळाला, बाहेरचा खोका शाबूत होता, पण झाकण फिरवताच सील एका बाजूने सुटलेले दिसले. अशा डब्यावर बहुधा ‘सील तुटलेले असल्यास वापरू नये’ अशी सूचना छापलेली असते, आणि तक्रारपत्राचा खरा आधार हीच सूचना असते; कारण जो माल वापरू नये असे उत्पादकच सांगतो, तो सदोष ठरवण्यासाठी आतील भुकटीविषयी काहीही सिद्ध करावे लागत नाही. पत्राचा मुख्य मजकूर एवढाच पुरे :

‘दि. 14 जुलै रोजी मिळालेल्या डब्याचे आतील सील काठापासून अंदाजे 3 सेंटिमीटर सुटलेले आढळले. सील तुटलेले असल्यास वापरू नये, असे डब्यावर छापले असल्याने तो वापरलेला नाही. ऑर्डर क्रमांक, बॅच क्रमांक आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पूर्ण रक्कम परत मिळावी आणि डबा विक्रेत्याने स्वखर्चाने परत न्यावा.’

डबा उघडतानाचे चित्रीकरण नसेल तर तक्रारच करता येत नाही, हा दुसरा आणि सर्वांत नुकसानकारक गैरसमज होय. चित्रीकरणाने पुरावा बळकट होतो यात शंका नाही, परंतु ते असलेच पाहिजे अशी अट ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये नाही. त्याच दिवशी काढलेली काठाची, सीलची आणि बॅच क्रमांकाची छायाचित्रे व लगेच पाठवलेले पत्र हाही पुरावाच असतो. भुकटी मात्र चमचाभरही काढू नये.

‘खाद्यपदार्थ परत घेतला जात नाही’ असे संकेतस्थळावर लिहिले म्हणजे विषय संपला, असेही पुष्कळ जण मानतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार मात्र सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. संभाषणखिडकीत मिळालेल्या तोंडदेखल्या उत्तरावर न थांबता तेच पत्र संकेतस्थळावर नाव दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवावे, कारण त्याने 48 तासांत पोच देणे आणि 1 महिन्यात तक्रारीचे निवारण करणे याच नियमांनी बंधनकारक केले आहे.

त्यानंतरही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे 2 वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे जाण्याची मुभा कायद्यानेच दिली असल्यामुळे, विक्रेत्याचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी चिंचोटीच्या ग्राहकाला तेथवर जावे लागत नाही.