चार तिकिटं एकदम शोधली की भाव का चढतो?

दिवाळीच्या तोंडावर पुणे–नागपूर विमानाची तिकिटं काढायला बसलं की घरात हमखास वाद होतो. "अहो, मघाशी एकट्याचं बघितलं तेव्हा चार हजार होते, आता चौघांचं टाकलं तर माणशी चार हजार आठशे दाखवतंय!" मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की आपण सारखं शोधतोय हे कंपनीला कळलंय, मोबाईलमधली हिस्टरी पुसून बघा. हिस्टरी पुसली तरी भाव हलत नाही आणि फसवले गेल्याची भावना मात्र मनात घर करते.

या वाढीचं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असतं. विमानात इकॉनॉमीच्या साधारण १८० जागा असल्या, तरी त्या एका भावाने विकायला काढलेल्या नसतात. कंपनी त्या वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत वाटते. समजा, चार हजारांच्या कप्प्यात आता दोनच जागा उरल्या आहेत आणि पुढचा कप्पा चार हजार आठशेचा आहे. तुम्ही चौघांसाठी शोधता तेव्हा बुकिंगची यंत्रणा सहसा चारही जागा एकत्र मिळतील असाच कप्पा शोधते. तो चार हजार आठशेचा, म्हणून चौघांनाही तोच दर लागतो आणि एकूण १९,२०० रुपये होतात. तीच तिकिटं दोन-दोन करून काढली, तर पहिली दोन आठ हजारांत आणि पुढची दोन ९,६०० रुपयांत मिळतात. १,६०० रुपये वाचतात. म्हणून आधी एकाच प्रवाशासाठी शोधून बघावं. दर कमी दिसला तर स्वस्त कप्प्यात थोड्या जागा शिल्लक आहेत असं समजायला हरकत नाही. मात्र दोन वेगळे पीएनआर झाले की विमान रद्द झाल्यावर चौघांना एकाच पर्यायी विमानात बसवतील याची खात्री नसते. सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर मी हा उद्योग करणार नाही.

वर गेलेला भाव तासाभराने खाली का येतो, याचंही उत्तर इथेच आहे. पैसे भरेपर्यंत जागा काही मिनिटं अडवून ठेवलेली असू शकते. कुणी मध्येच माघार घेतली की ती पुन्हा स्वस्त कप्प्यात जाते.

स्वस्त कप्पा कधी बंद करायचा, याचा मूळ हिशेब १९७२ साली ब्रिटनच्या बीओएसी कंपनीतल्या केन लिटलवूड यांनी मांडला. आज चार हजार देणारा गिऱ्हाईक समोर उभा आहे आणि शेवटच्या दिवसांत दहा हजार देणारा कुणीतरी येईल अशी आशा आहे. तो येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांहून जास्त असेल तर जागा राखून ठेवायची, कमी असेल तर आजच विकायची; कारण दहा हजारांचे चाळीस टक्के म्हणजे चार हजार. आजची सॉफ्टवेअर कितीतरी गुंतागुंतीची आहेत, पण पाया हाच.

या हिशेबात दहा हजार देणारा कोण, हे कुणी विचारत नाही. तो कंपनीच्या खर्चाने मीटिंगला निघालेला असेल, नाहीतर वडील गेल्याचा फोन आल्यामुळे निघालेली लेक असेल. दोघांचंही तिकीट उशिरा निघतं, म्हणून यंत्रणेला दोघं सारखेच. लोकांचा खरा राग इथे आहे आणि मला तो रास्त वाटतो.

डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९८६ साली लोकांना विचारलं होतं: पंधरा डॉलरचं बर्फ उपसायचं फावडं दुकानदाराने हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी वीस डॉलरला विकलं, तर ते योग्य का? ८२ टक्के लोकांनी अन्याय्य म्हटलं. दिवाळीत तिकीट महागतं हे लोक कुरकुरत का होईना पचवतात, कारण दिवाळीची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. संकटातली वाढ पचत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सिडनीतल्या एका कॅफेत बंदूकधाऱ्याने लोकांना ओलीस धरलं. घाबरलेले लोक शहराच्या मध्यभागातून बाहेर पडू लागले, टॅक्सीची मागणी वाढली आणि उबरचे दर आपोआप कित्येक पट झाले. संताप उसळल्यावर कंपनीने तिथून निघणाऱ्यांना मोफत प्रवास दिला आणि आधी घेतलेले पैसे परत केले. यंत्रणेने मागणी बरोबर मोजली होती. मागणी कशामुळे वाढली हे तिला कळायला मार्ग नव्हता.

मग सरकारनेच कमाल भाडं ठरवावं का? भारतात ते घडून गेलंय. मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ अखेरपर्यंत देशांतर्गत विमानभाड्यावर सरकारी मर्यादा होती. पण कंपन्या तग धराव्यात म्हणून कमाल भाड्याबरोबर किमान भाडंही बांधून दिलं होतं, त्यामुळे सुरुवातीच्या काळात लवकर बुकिंग करणाऱ्यालाही त्या किमान भाड्याखालचं तिकीट मिळायची सोय राहिली नाही.