प्रेझेंटेशननंतरची दहा मिनिटं

चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या क्वालिटी इंजिनिअरचं उदाहरण घेऊ. जर्मनीला पाठवलेल्या ॲल्युमिनियमच्या पंप हाउसिंगपैकी काही गळकी निघाली आहेत. चूक कुठे झाली आणि ती कशी सुधारली, हे त्याला व्हिडिओ कॉलवर इंग्रजीतून सांगायचं आहे. वीस मिनिटं प्रेझेंटेशन, दहा मिनिटं प्रश्न. त्याची शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी तो रोज वाचतो, मेलही लिहितो. बोलायची वेळ मात्र क्वचित येते. मग तो बहुतेक जण करतात तेच करतो. अख्खं भाषण लिहून काढतो आणि पाठ करतो.

हे पाठांतर कोणी मध्येच अडवलं की दगा देतं. चौथ्या स्लाइडला शंका आली, तिचं उत्तर दिलं, आणि पुढचं वाक्यच आठवेना. याची परीक्षा घरी घेता येते. सराव चालू असताना सहकाऱ्यानं कुठेही थांबवावं आणि दुसऱ्याच स्लाइडपासून सुरू करायला सांगावं. तिथे अडखळायला झालं, तर तयारी कच्ची. म्हणून सुरुवातीची दोन वाक्यं आणि प्रत्येक स्लाइडचं पहिलं वाक्य एवढंच पाठ करावं. बाकीचं मुद्द्यांवरून, दर वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत बोलून पाहावं.

खरी कसोटी प्रश्नांची. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये दहा भाषांमधले संवाद तपासले. प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघालं. एखादा शब्द आठवून उच्चारायलाही याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरच्याचं वाक्य पुरं होण्याआधीच ऐकणारा उत्तर जुळवू लागतो. दुसऱ्या भाषेत ते जमणं अवघड, कारण सगळं लक्ष प्रश्न समजून घेण्यातच जातं. मग घाई होते आणि अर्ध्याच ऐकलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं जातं.

हा वेळ मिळवण्याची साधी रीत म्हणजे प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणणं. ‘सो यू आर आस्किंग व्हाय द लीक टेस्ट मिस्ड इट, राइट?’ एवढं वाक्य बोलेपर्यंत विचार जुळतो आणि प्रश्न चुकीचा कळला असेल तर तोही तिथेच दुरुस्त होतो.

प्रश्नांची यादी मात्र आधी मराठीतच करावी, कारण ग्राहकाच्या जागी बसून विचार करताना भाषेची अडचण नको. गळती आमच्या कारखान्यात का सापडली नाही? आणखी किती नग संशयास्पद आहेत? पुन्हा होणार नाही कशावरून? अशा आठ-दहा प्रश्नांची उत्तरं तीन वाक्यांत बसवावीत: आधी थेट उत्तर, मग पुरावा, मग पुढची कृती. ती इंग्रजीतून मोठ्यानं बोलून फोनवर रेकॉर्ड करावीत. उत्तर चौथ्या-पाचव्या वाक्यापर्यंत लांबलं, तर मूळ मुद्दा हरवतोय असं समजावं.

दोन ठिकाणी मराठी माणूस हमखास अडकतो. पहिलं, नकारार्थी प्रश्न. ‘यू डोन्ट हॅव एनी मोअर बॅड पार्ट्स इन स्टॉक?’ असं विचारल्यावर मराठी वळणानं तोंडात येतं ‘येस’, कारण मनात असतं ‘हो, नाहीत’. ऐकणाऱ्याला मात्र खराब माल अजून पडून आहे असं वाटू शकतं. अशा वेळी येस-नोच्या फंदात न पडता पूर्ण वाक्य बोलावं: ‘वुई चेक्ड ऑल द स्टॉक. देअर आर नो बॅड पार्ट्स लेफ्ट.’

दुसरं, आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. आकडा स्लाइडवर ठळक दाखवावा आणि बोलताना ‘वन-फाइव्ह, फिफ्टीन’ असं फोडून सांगावं. लाख-कोटी परदेशी ग्राहकापुढे चालत नाहीत. बारा लाखांचं ‘वन पॉइंट टू मिलियन’ हे आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवावं. ऐन वेळी मनात शून्यं मोजू नयेत.

एखादं उत्तर ठाऊकच नसेल, तेव्हा शांतता भरून काढायला अंदाज सांगणं सगळ्यात महागात पडतं. ग्राहक तो शब्द म्हणून टिपून ठेवतो. ‘आय विल चेक विथ द कास्टिंग टीम अँड रिप्लाय बाय थर्सडे’ असं सांगून प्रश्न तिथेच लिहून घ्यावा. ग्राहक फार भरभर बोलत असेल, तर प्रश्न चॅटमध्ये टाइप करण्याची विनंती करावी. इंजिनिअरला वाचून इंग्रजी उत्तम कळतं, आणि कॉल संपल्यावर मेल लिहायला प्रश्नाचे नेमके शब्दही हाताशी राहतात.