विश्लेषण : बोटात मोडलेला काटा घरी काढायचा की डॉक्टरकडे जायचे?

संत्र्याची तोड संपली की मोर्शी तालुक्यातल्या बागांमध्ये सल काढण्याचे काम सुरू होते. रिद्धपूरचे नाव बाहेर लीळाचरित्रामुळे आणि आता मराठी भाषा विद्यापीठामुळे घेतले जाते, पण हे गाव आहे संत्रापट्ट्यातले. वाळलेल्या फांद्या आणि पानसोट काढताना हातात काटा जाणे हा येथे रोजचाच प्रकार. बहुतेक काटे जागेवरच निघतात. प्रश्न असतो तो आत मोडलेल्या काट्याचा.

संत्र्याच्या झाडाला एवढे काटे कुठून?

नागपुरी संत्र्याच्या कलमी झाडाला फारसे काटे नसतात. मात्र हे कलम बहुधा जंबेरीच्या खुंटावर बांधलेले असते आणि जंबेरी चांगलीच काटेरी. कलमाच्या जोडाखालून खुंटाची फूट निघाली की तिच्यावर लांब, सरळ, टोकदार काटे येतात. हिरवा काटा वाकतो, वाळलेला कडक होतो आणि टोकाजवळ मोडतो. धुऱ्यावरच्या बाभळीच्या आणि नाल्याकाठच्या शिंदीच्या काट्याचेही तेच.

टोक आत राहिले, हे कसे ओळखायचे?

काढलेला काटा फेकू नका. मोबाइलचा कॅमेरा झूम करून त्याचे टोक पाहा. सुईसारखे निमुळते असेल तर काटा बहुधा पूर्ण निघाला. बोथट, चपटे किंवा तंतू निघालेले दिसले तर तुकडा आत आहे असे समजा. काटा कागदात गुंडाळून ठेवा. किती लांबीचा तुकडा शोधायचा याचा अंदाज डॉक्टरला त्यावरून येतो. दुसरी खूण म्हणजे बोट दाबल्यावर एका ठरावीक बिंदूवर टोचल्यासारखे दुखणे.

घरी कोणता काटा काढता येतो?

ज्याचे टोक बाहेर दिसते किंवा जो कातडीच्या वरच्या थरात आडवा, काळ्या रेघेसारखा दिसतो, तोच. आधी हात साबणाने वाहत्या पाण्यात धुवा, पण पाण्यात बुडवून बसू नका. लाकूड पाणी पिऊन फुगते, मऊ पडते आणि ओढताना तुटते. चिमटा आणि सुई स्पिरिटने पुसून घ्या. मेडिकलमध्ये मिळणारी इंजेक्शनची सीलबंद सुई त्याहून चांगली, कारण ती निर्जंतुक असते आणि तिच्या तिरप्या टोकाने कातडी सहज उचलता येते. चुलीवर काळी केलेली सुई नको, तिची काजळी जखमेत जाते.

बाहेर आलेले टोक कातडीच्या अगदी जवळ चिमट्यात धरा आणि काटा ज्या कोनात शिरला त्याच कोनात, हळू पण एकसंध ओढा. सरळ वर उपसला की तो आतच वाकतो आणि मोडतो. आडव्या काट्यासाठी सुईने त्याच्यावरची कातडी टोकापासून थोडी उघडा. ही कातडी मेलेल्या पेशींची असते, त्यामुळे रक्त येत नाही. रक्त येऊ लागले, ठणका वाढला किंवा दहा मिनिटांत काटा हाती लागला नाही तर थांबा. दोन बोटांनी दाबून काटा बाहेर काढायला जाऊ नका. दाबल्याने तो तुटतो आणि आणखी खोल सरकतो.

रुईचा चीक लावला की काटा वर येतो, असे सांगणारे एखादे आजोबा प्रत्येक घरात असतात. बिब्ब्याचा चटकाही दिला जातो. चिकाने कातडी सुजते आणि पू धरतो, त्यामुळे काटा सरकल्यासारखा वाटतो. तोच चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. बिब्बा तर कातडी भाजतो आणि मग खाली लाली कशाची, हे डॉक्टरलाही कळत नाही.

तळहाताच्या बाजूचा काटा वेगळा का?

समजा, सल काढताना एका मजुराच्या तर्जनीत, तळहाताकडच्या बाजूने, मधल्या पेरावरच्या घडीत जंबेरीचा काटा गेला. त्याने ओढला, पण टोक राहिले. दुखणे थोडेच, म्हणून काम चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट अर्धवट वाकलेले, सरळ करायला गेले की कळ मनगटाकडे जाते.

बोट वाकवणारा स्नायुबंध एका नळीसारख्या आवरणातून जातो. बोटाच्या घडीवर कातडी आणि ही नळी यांच्यात फारच थोडे अंतर असते, त्यामुळे काटा थेट तिच्यात शिरू शकतो. आत जंतू गेले की पू कोंडतो, दाब वाढतो आणि स्नायुबंधाचा रक्तपुरवठा अडतो. अमेरिकी सर्जन ॲलन कॅनव्हेल यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला याच्या चार खुणा सांगितल्या, त्या आजही वापरतात : बोट किंचित वाकलेले राहते, पूर्ण बोट सारखे सुजते, तळहाताच्या बाजूने बोटाच्या लांबीभर दाबले तर दुखते आणि दुसऱ्याने बोट सरळ केले की असह्य कळ येते. यातली एक जरी दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उशीर झाला तर बोट कायमचे आखडू शकते. अंगठा आणि करंगळीच्या बाबतीत तर पू मनगटापर्यंत पसरू शकतो.

या मजुराचा साधा एक्स-रे काढला तर बहुधा काहीच दिसणार नाही. धातू आणि काच एक्स-रेत दिसते, लाकूड सहसा दिसत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणजे काटा नाही, असे नव्हे. अशा वेळी सोनोग्राफीबद्दल विचारा : तिच्यात काटा पांढऱ्या रेघेसारखा आणि त्याच्यामागे सावली असा दिसतो, किती खोल आहे तेही कळते. नंतर बोट बधिर करून सर्जन काटा काढतात, नळी धुतात आणि प्रतिजैविक देतात. ही सोय गावातल्या दवाखान्यात नसेल, तर तिथे कापाकापी करून घेण्यापेक्षा मोर्शी किंवा अमरावती गाठलेले बरे.

नखाखाली खोल गेलेला, सांध्याजवळचा आणि मधुमेह असलेल्या माणसाचा काटाही घरी उकरू नये.

काटा निघाला, पुढे काय?

जखम पुन्हा साबण-पाण्याने धुवा, थोडे रक्त वाहू द्या, पोव्हिडोन आयोडीन लावा आणि कोरडी पट्टी बांधा. पट्टी रोज बदला. दोन दिवस त्या हाताने शेण, माती, फवारणी नको. लाली असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून फोटो काढा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली की डॉक्टरकडे जा. दुखणे रोज कमी व्हायला हवे. उरलेल्या गोळ्यांतले प्रतिजैविक मनाने घेऊ नका.

धनुर्वाताची लस हा वेगळा विषय आहे, कारण काटा पूर्ण निघाला तरी मातीतले जंतू आत राहिलेले असू शकतात. लसीचा कोर्स पूर्ण असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त झाली असतील, तर अशा मळक्या जखमेनंतर एक डोस घेतात. आता टीटीऐवजी टीडी देतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मिळते. शाळेतल्या सोळाव्या वर्षीच्या इंजेक्शननंतर बहुतेक पुरुषांनी पुन्हा काही घेतलेलेच नसते. कोर्स कधी झालाच नसेल किंवा आठवत नसेल तर डॉक्टरला तसे स्पष्ट सांगा, तेव्हा लसीसोबत वेगळे इंजेक्शनही लागू शकते.

महिन्याने बोट सुजले तर?

जखम भरून आल्यावर, कधी कधी काही महिन्यांनी, त्याच बोटाचा सांधा सुजतो. तोपर्यंत काटा विसरलेला असतो आणि उपचार होतात ते संधिवाताचे. सांध्यात राहिलेल्या वनस्पतीच्या सूक्ष्म तुकड्यामुळे ही सूज येते. शिंदी-खजुराच्या काट्यांबाबत डॉक्टरांनी हे वारंवार नोंदवले आहे. गोळ्यांनी सूज उतरते, पुन्हा येते. छिद्र बुजून परत परत पाझरत असेल तरीही तेच समजावे. एकाच बोटाचा सांधा दुखत असेल तर तपासणीच्या वेळी ‘गेल्या हंगामात येथे काटा रुतला होता’ हे आपणहून सांगा.