विश्लेषण : वसतिगृहाच्या अर्जात ‘स्थानिक पालक’ कोणाला करावे?

दहावीनंतर पदविकेला प्रवेश मिळतो, कॅप फेरीची धावपळ संपते आणि शेवटी हाती येतो वसतिगृहाचा अर्ज. दोन-चार पानांचा हा कागद बहुतेक घरांत प्रवेशाच्या रांगेत उभ्या उभ्याच भरला जातो. वडिलांचा मोबाइल क्रमांक दोन रकान्यांत, आजारापुढे ‘नाही’ आणि स्थानिक पालक म्हणून रत्नागिरीत राहणाऱ्या कोणा ओळखीच्याचे नाव. वर्षभर काही घडले नाही तर हा अर्ज फायलीतच राहतो. मात्र मध्यरात्री एखादा विद्यार्थी आजारी पडला, तर रेक्टरच्या हाती पहिल्यांदा येतो तो हाच कागद. तो कसा भरावा?

रत्नागिरीत हा प्रश्न वेगळा का?

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड आणि दक्षिणेला राजापूर. रत्नागिरी शहरात शिकायला येणारी मुले या दोन टोकांमधल्या गावांतून येतात. त्यातल्या अनेकांचे घर दोन ठिकाणी विभागलेले असते. आई गावी, वडील मुंबईला. काहींचे वडील आखातात किंवा जहाजावर. म्हणजे कागदावर पालक दोन असले, तरी रत्नागिरीत तासाभरात पोहोचू शकेल असा एकही नसतो.

एक उदाहरण घेऊ. मंडणगड तालुक्यातील एका वाडीतली 16 वर्षांची मुलगी रत्नागिरीत पदविका अभ्यासक्रमाला आली आहे. वडील नालासोपाऱ्याला राहतात, खासगी कंपनीत नोकरी करतात. शिमग्याला आणि गणपतीला गावी येतात. आई वाडीत असते. घरात मोबाइलला रेंज नाही, अंगणाच्या कडेला गेले तर मिळते. मावशी आणि तिचे यजमान रत्नागिरीत राहतात. मुलीला लहानपणापासून दमा आहे. या मुलीचा अर्ज रकान्यागणिक भरून पाहू.

‘पालक’ या रकान्यात कोणाचे नाव?

ही मुलगी 18 वर्षांखालील, म्हणजे कायद्याने अज्ञान आहे. त्यामुळे वसतिगृहाच्या नियमांना, फीला आणि उपचारांना संमती देणारी सही पालकाची लागते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 नुसार नैसर्गिक पालक वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. या ‘नंतर’चा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असा लावला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये गीता हरिहरन प्रकरणात तो बदलला. ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या अनुपस्थितीत, असे न्यायालयाने सांगितले. वडील दूर असतील किंवा दोघांनी आपसांत तसे ठरवले असेल, तर आई पालक म्हणून निर्णय घेऊ शकते.

या निकालाचा अर्थ आपल्या उदाहरणात सरळ आहे. वडील नालासोपाऱ्याला म्हणून आईची सही कमी दर्जाची ठरत नाही. अर्जात दोघांची नावे आणि दोघांचे स्वतंत्र क्रमांक द्यावेत. अर्जात एकच रकाना असेल, तर जो फोन लवकर उचलेल त्याचे नाव तिथे आणि दुसऱ्याचे शेजारच्या मोकळ्या जागेत. नावे मात्र आधार कार्डावर आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आहेत तशीच लिहावीत. एका कागदावर ‘चंद्रकांत’ आणि दुसऱ्यावर ‘चंदू’ असले, की अर्ज छाननीत अडकतो.

फोन क्रमांकात चूक कुठे होते?

बहुतेक चुका याच रकान्यात होतात. पहिली म्हणजे वडिलांचाच क्रमांक आईच्या नावापुढेही लिहिणे. वडील रात्रपाळीला असतील आणि फोन लॉकरमध्ये असेल, तर दोन्ही रकाने एकाच वेळी निकामी होतात. दुसरी चूक ज्या घरात रेंज नाही त्या घरातला मोबाइल लिहून थांबणे. आईच्या क्रमांकाखाली शेजाऱ्यांचा किंवा वाडीतल्या दुकानाचा क्रमांक, त्यांना विचारून, द्यावा आणि ‘रात्री या क्रमांकावर’ असे स्पष्ट लिहावे. वडील परदेशात असतील तर देशाचा कोड लिहिल्याशिवाय वसतिगृहाच्या फोनवरून तो क्रमांक लागणारच नाही.

अर्ज देण्याआधी त्यात लिहिलेल्या प्रत्येक क्रमांकावर दुसऱ्या फोनवरून, अर्जात पाहून एकदा फोन करावा. पाठ असलेला क्रमांक लिहिताना उलटासुलट झालेला आकडा त्यातच सापडतो.

स्थानिक पालकाला अधिकार किती?

हा रकाना सर्वांत हलक्यात घेतला जातो. स्थानिक पालक हा कायद्यातला पालक नाही. त्याला जो अधिकार मिळतो तो आईवडिलांनी लिहून दिलेल्या पत्रातून आणि वसतिगृहाच्या नियमांतून. त्याच्याकडून अपेक्षा साधारण तीन असतात : बोलावल्यास लगेच येणे, सुटीत किंवा आजारपणात मुलीला घरी नेणे आणि आईवडील पोहोचेपर्यंत रुग्णालयात तिच्यासोबत थांबणे. नालासोपाऱ्याहून निघालेल्या वडिलांना रेल्वेने किंवा महामार्गाने रत्नागिरी गाठायला कित्येक तास लागणार. तेवढा वेळ ही व्यक्ती सांभाळणार असते.

त्यामुळे निवडीचा निकष नात्यापेक्षा अंतराचा आणि तयारीचा आहे. रत्नागिरीतले काका मोठे अधिकारी आहेत, पण महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर असतात. मावशी मात्र रोज घरी असते. अशा वेळी नाव मावशीचे द्यावे आणि तिच्या यजमानांचा क्रमांक पर्यायी म्हणून लिहावा. नातेवाईक नसेल तर गावचेच रत्नागिरीत स्थायिक झालेले कुटुंब किंवा आईवडिलांच्या जुन्या ओळखीचे शिक्षक चालू शकतात. पण त्याआधी वसतिगृह बिगरनातेवाईक स्वीकारते का, हे कार्यालयात विचारावे. सोबत शिकणारा विद्यार्थी मात्र नको. परीक्षेनंतर तोही गावी गेलेला असतो.

न विचारता नाव टाकणे ही यातली सर्वांत मोठी चूक. रात्री फोन गेल्यावर ‘माझे नाव दिलेय हे मला माहीतच नाही’ असे उत्तर आले, तर रेक्टरसमोर पर्याय उरत नाही. स्थानिक पालकाची सही, फोटो आणि ओळखपत्राची प्रत बहुतेक अर्जांत मागतात ती यासाठीच. त्यासोबत आईवडिलांच्या सहीचे एक छोटे पत्र जोडावे. त्याचा मजकूर असा असू शकतो :

*‘आमची मुलगी कु. ______ हिच्या स्थानिक पालक म्हणून सौ. ______ (नाते : मावशी, राहणार ______, मोबाइल ______) यांची आम्ही नेमणूक करीत आहोत. त्यांना तिला वसतिगृहातून घरी नेण्याची परवानगी आहे. आजारपणात तिला रुग्णालयात दाखल करण्याची व आमच्याशी संपर्क न झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने तातडीच्या उपचारांना संमती देण्याची मुभा आम्ही त्यांना देत आहोत. फी भरण्याची जबाबदारी आमची राहील.’*

शेवटचे वाक्य मावशीसाठी आहे. सही केली म्हणजे फी आपल्या गळ्यात पडेल, या भीतीने अनेक नातेवाईक टाळाटाळ करतात. ती भीती या ओळीने जाते.

आजार लिहिला तर प्रवेश नाकारतील का?

ही शंका जवळपास प्रत्येक घरात असते, म्हणून दम्यापुढे ‘नाही’ लिहिले जाते. परिणाम काय होतो ते पाहा. जुलैत कोकणातला पाऊस लागतो, खोल्यांना ओल येते, गाद्यांना बुरशीचा वास येतो. दमेकऱ्याला नेमका हाच त्रासाचा काळ. रात्री मुलीला धाप लागते. खोलीतल्या मैत्रिणीला इनहेलर कुठे आहे ते माहीत नाही आणि रेक्टरला वाटते, मुलगी घाबरली आहे. पहिला अर्धा तास पाणी पाजण्यात आणि पंखा लावण्यात जातो.

त्याऐवजी रकान्यात तीन गोष्टी लिहाव्यात : काय होते, काय द्यायचे, आणि केव्हा थांबायचे नाही. आपल्या उदाहरणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जे आहे तेच उतरवून, नोंद अशी होईल : ‘दमा, वयाच्या सहाव्या वर्षापासून. धाप लागल्यास सालब्युटामॉल इनहेलर, प्रमाण सोबतच्या चिठ्ठीप्रमाणे. इनहेलर दप्तराच्या पुढच्या कप्प्यात. औषधाने उतार पडला नाही, एक वाक्य सलग बोलता आले नाही किंवा ओठ निळसर दिसले तर 108 ला फोन करावा.’ सोबत चिठ्ठीची झेरॉक्स. औषधाचे नाव कंपनीच्या नावाऐवजी मूळ नावाने लिहिले, तर कोणत्याही रुग्णालयात ते कळते.

फिट्स, मधुमेह, हृदयाचा त्रास, सिकलसेल यांनाही हीच पद्धत लागू. मानसिक आजाराचे औषध चालू असेल आणि ते अर्जात लिहायचे नसेल, तर बंद पाकिटात रेक्टरच्या हाती द्यावे. रोजची गोळी अचानक बंद झाली तर काय होते, हे वसतिगृहात किमान एका माणसाला माहीत हवे.

ॲलर्जी आणि रक्तगट

ॲलर्जीचा रकाना कोरा ठेवू नये. कोरा रकाना पाहून डॉक्टरांना ॲलर्जी नाही की लिहायचे राहिले, हे कळत नाही. नसेल तर ‘माहीत नाही, आजवर त्रास नाही’ असे लिहावे. असेल तर औषधाचे नाव आणि काय झाले होते तेही लिहावे. ‘पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर अंगभर पित्त व सूज’ ही नोंद ‘औषधांची ॲलर्जी’ यापेक्षा कितीतरी उपयोगी.

रक्तगट मात्र अंदाजाने लिहू नये. रक्त देण्याआधी रुग्णालय गट तपासते आणि जुळवणीही करते, त्यामुळे रकाना कोरा राहिला तर उपचार अडत नाहीत. चुकीचा गट लिहिला तर नातेवाईक आणि मित्र मात्र चुकीचे रक्तदाते गोळा करत फिरतात.

संमतीअभावी उपचार थांबतात का?

आणीबाणीत थांबू नयेत. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे की, जीव वाचवण्यासाठीचे उपचार प्रत्येक डॉक्टरने लगेच सुरू करावेत. कायद्याचे सोपस्कार नंतर. मात्र सगळी आजारपणे इतकी टोकाची नसतात. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया आज रात्री करायची की सकाळी, अशा निर्णयाला डॉक्टर घरच्यांची सही मागतात. स्थानिक पालकाचे पत्र आणि आईवडिलांशी फोनवरचे बोलणे, दोन्ही तेव्हा कामाला येते.

विद्यार्थिनी 18 वर्षांची झाली की उपचारांची संमती तिची स्वतःची. पदविकेच्या तिसऱ्या वर्षापर्यंत हा टप्पा येतोच. मात्र ती शुद्धीवर नसेल तेव्हा कोणाला कळवायचे, हा रकाना तेव्हाही लागतो.

अर्ज दिल्यानंतर काय?

अर्ज दरवर्षी नव्याने भरताना गेल्या वर्षीची माहिती जशीच्या तशी उतरवली जाते. दरम्यान मावशी चिपळूणला राहायला गेलेली असते, वडिलांनी सिम बदललेले असते. असा बदल झाला की वर्ष संपायची वाट न पाहता साध्या कागदावर लिहून कार्यालयात द्यावा आणि पोहोच घ्यावी. भरलेल्या अर्जाचा एक फोटो आईच्या, वडिलांच्या आणि मावशीच्या मोबाइलमध्ये असावा, त्यापलीकडे कुठल्या ग्रुपवर नको. त्यात घरचा पत्ता आणि मुलीचा आजार, दोन्ही आहेत. रेक्टर आणि वसतिगृह कार्यालयाचा क्रमांकही या तिघांच्या फोनमध्ये नावानिशी साठवलेला असावा. रात्री दोनला अनोळखी क्रमांक दिसला तर तो उचलला जाईलच, याची खात्री नसते.