पन्नासातले तेहतीस दिवस

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या टीम आपलं काम बहुधा दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत विभागतात. या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. स्प्रिंट सुरू होताना टीम एकत्र बसते आणि या दोन आठवड्यांत काय पूर्ण करायचं ते ठरवते. पाच माणसं, कामाचे दहा दिवस, म्हणजे हाताशी पन्नास मनुष्यदिवस, असा हिशोब तिथे पटकन मांडला जातो. सणासुदीचे दिवस आले की तो साफ चुकतो.

गेल्या वर्षीच्या गणपतीतला स्प्रिंट उदाहरणादाखल घेऊ. टीम कल्पनेतली असली तरी तारखा खऱ्या आहेत. सोमवार, २५ ऑगस्ट ते शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५. पाचपैकी चौघं पुण्यात बसतात: तीन डेव्हलपर आणि एक टेस्टर. पाचवी डेव्हलपर कोचीहून काम करते. ग्राहकांच्या तक्रारी निस्तरायची, म्हणजे सपोर्टची, पाळी दर आठवड्याला एका डेव्हलपरवर येते.

पहिली वजाबाकी सार्वजनिक सुट्ट्यांची. ती माणसागणिक करावी लागते, कारण सुट्ट्यांची यादी सगळ्यांना सारखी नसते. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी. पुण्यातल्या चौघांचे चार दिवस गेले, पण कोचीत त्या दिवशी काम चालू. कोचीची सुट्टी येते ५ सप्टेंबरला, ओणमच्या मुख्य दिवशी, तिरुवोणमला. पुण्याच्या यादीत कंपनीने या काळात चतुर्थीखेरीज दुसरी सुट्टी दिलेली नाही. एकूण पाच दिवस वजा, उरले पंचेचाळीस.

दुसरी वजाबाकी रजांची. टेस्टर गणपतीला कोकणात गावी जातो. २६ ऑगस्टला निघून गौरी-विसर्जन आटोपून ३ सप्टेंबरला परत कामावर. त्याचे कामाचे पाच दिवस रजेत गेले. मधली २७ तारीख आधीच सुट्टीत मोजली आहे, ती इथे पुन्हा धरायची नाही. पुण्यातल्या एका डेव्हलपरची १ सप्टेंबरला गौरीपूजनाची रजा आहे आणि कोचीच्या डेव्हलपरने ओणमच्या आदल्या दिवशी रजा टाकली आहे. सात दिवस वजा, उरले अडतीस.

सपोर्टची वजाबाकी सगळ्यात कठीण, कारण ती कॅलेंडरमध्ये दिसत नाही. पाळीवरचा माणूस रोज कामावर हजर असतो, स्टँडअपमध्ये बोलतो, त्यामुळे तो पूर्णवेळ मोकळा आहे असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात सकाळी हाती घेतलेलं काम अकरा वाजता एका ग्राहकाचं बिल चुकल्याच्या तक्रारीने थांबतं. दोन तासांनी तो परत येतो, तेव्हा कुठपर्यंत आलो होतो हे आठवण्यातच आणखी वेळ जातो. सपोर्टला किती दिवस धरायचे, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मागच्या काही पाळ्यांच्या नोंदी बघून ठरवावं. या टीमच्या नोंदी सांगतात की पाळीवरच्या माणसाचा साधारण निम्मा वेळ त्यात जातो. पहिल्या आठवड्याची पाळी पुण्यातल्या एका डेव्हलपरची. चतुर्थीच्या दिवशी मात्र कोचीची डेव्हलपर ती सांभाळते. दुसऱ्या आठवड्यात पाळी रजेवर नसलेल्या पुण्यातल्याच डेव्हलपरकडे. पाळीचे दहा दिवस, त्यांचे निम्मे पाच. उरले तेहतीस.

आता काही टीम आणखी पुढे जाऊन प्लॅनिंग, स्टँडअप, रिव्ह्यू, ईमेल यांचेही तास वजा करू लागतात. त्याची गरज नसते. हा वेळ प्रत्येक स्प्रिंटमध्ये जवळपास सारखाच जातो आणि मागच्या स्प्रिंटमध्ये किती काम झालं, त्या आकड्यात तो आपोआप आलेला असतो. इथे वजा करून पुन्हा मागच्या वेगाशी तुलना केली, तर एकच वेळ दोनदा कापला जातो.

दिवसांवरून कामाकडे जायचं तर मागचा वेग लागतो. कामाचा आकार ही टीम स्टोरी पॉइंटमध्ये मोजते. छोटं काम एक-दोन पॉइंटचं, मोठं आठचं. आधीच्या तीन स्प्रिंटमध्ये, याच तीन वजाबाक्या करून, हाताशी ४५, ४२ आणि ४३ दिवस होते. पूर्ण झालेले पॉइंट २७, २६ आणि २५. एकूण १३० दिवसांत ७८ पॉइंट, म्हणजे दिवसाला ०.६. तेहतीस दिवसांना याच दराने सुमारे वीस पॉइंट येतात. मागच्या सरासरीकडे पाहून २६ पॉइंट उचलले असते, तर पाव काम पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलावं लागलं असतं.

या दराबाबत एक पथ्य आहे. मागच्या स्प्रिंटचे दिवस मोजताना सुरुवातीला माहीत असलेल्या रजाच वजा करायच्या, मधेच कोणी तापाने दोन दिवस झोपलं तर ते नाही. म्हणजे अचानक पडणाऱ्या रजांचा सरासरी फटका दरातच मुरतो आणि नव्या स्प्रिंटमध्ये आजारपणासाठी वेगळा अंदाज बांधावा लागत नाही. सपोर्टचंही तसंच: मागच्या दिवसांतून तो वजा केला नसेल, तर पुढच्या दिवसांतूनही करायचा नाही. अर्धा हिशोब एका पद्धतीने आणि अर्धा दुसऱ्या पद्धतीने केला की आकडा बिनकामाचा होतो.

तेहतीस दिवस आणि वीस पॉइंट हा आकडा बरोबर असूनही छोट्या टीममध्ये काम अडू शकतं. टेस्टरच्या वाट्याला या स्प्रिंटमध्ये चारच दिवस आहेत: सोमवार, २५ ऑगस्ट, आणि नंतर थेट ३ ते ५ सप्टेंबर. डेव्हलपर मधले सहा दिवस काम संपवत राहतील आणि बोर्डावरच्या ‘टेस्टिंग’ या रकान्यात चिठ्ठ्या साचत जातील. बुधवारी तो परतेल तेव्हा आठ-नऊ कामं एकदम पुढ्यात येतील. त्यातल्या तीन-चारांत चूक सापडली, तर ती दुरुस्त करून पुन्हा तपासायला शुक्रवार पुरणार नाही. वीस माणसांच्या टीममध्ये दुसरा टेस्टर ही जागा भरून काढतो. इथे तो नाही. म्हणून या स्प्रिंटमध्ये २६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर डेव्हलपरनी एकमेकांचं काम तपासायचं, किचकट तपासणी लागणारं पेमेंटचं काम पुढच्या स्प्रिंटला ठेवायचं आणि वीसऐवजी अठराच पॉइंट उचलायचे, हा निर्णय प्लॅनिंगच्या बैठकीतच व्हायला हवा.

स्क्रमचे जनक केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही मागची कामगिरी आणि पुढची क्षमता या दोन्ही गोष्टी जितक्या नीट माहीत असतील, तितका अंदाज खात्रीचा होतो, असं म्हटलं आहे. दोन्ही एकत्र पाहिल्या नाहीत, तर होणारा गैरसमज रिव्ह्यूच्या दिवशी दिसतो. वरिष्ठांना आलेखावर २६ वरून १८ ची घसरण दिसते आणि टीम ढिली पडली असं वाटतं. त्याच आलेखाखाली दिवसाला किती पॉइंट झाले, ही ओळ जोडली तर १८ भागिले ३३, म्हणजे ०.५५ दिसतो. तो नेहमीच्या ०.६ च्या जवळच आहे आणि जो थोडा फरक आहे, तो टेस्टरच्या रजेमुळे.

स्प्रिंट संपल्यावर तपासायचा आकडा सपोर्टचा. पाच दिवस धरले होते, खरे किती गेले? नवं व्हर्जन नुकतंच बाजारात गेलं असेल तर ते सहज सात होतात. एकदा झाले तर नोंद ठेवून पुढे जायचं. सलग दोन-तीन स्प्रिंट तसंच होत राहिलं, तर निम्म्याऐवजी सत्तर टक्के वजा करायचे, मागच्या स्प्रिंटचे दिवसही त्याच प्रमाणात पुन्हा मोजायचे आणि वारंवार येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वाधिक वेळ खाणारी तक्रार मुळापासून दुरुस्त करण्याचं काम पुढच्या स्प्रिंटमध्ये घ्यायचं.