पुरुषाच्या पोटात गर्भाशय

मूल होत नाही म्हणून एक २९ वर्षांचा विवाहित तरुण मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आला. त्याची दोन्ही वृषणे खाली उतरलेलीच नव्हती. ती जागेवर आणायला गेलेल्या डॉक्टरांना पोटात चक्क गर्भाशय सापडले. २०१९ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत आली.

हे समजून घ्यायचे तर गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात जावे लागते. तोवर मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक गर्भात नलिकांच्या दोन जोड्या असतात. वुल्फियन नलिकांपासून शुक्रवाहिन्या होतात, तर मुलेरियन नलिकांपासून गर्भाशय आणि बीजवाहिन्या. वाय गुणसूत्रावरचे एसआरवाय जनुक याच सुमारास जागे होते आणि कोऱ्या ग्रंथीचे वृषण होऊ लागते. हे जनुक १९९० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधले.

पुढचे काम वृषण दोन हार्मोनांकडून करून घेते. लायडिग पेशींचे टेस्टोस्टेरॉन वुल्फियन नलिका टिकवते; सर्टोली पेशींचे एएमएच मुलेरियन नलिका नाहीशा करते. ही दोन कामे वेगळी आहेत, हे फ्रान्सच्या आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४०च्या दशकात सशांच्या गर्भांवर दाखवले. वृषणे काढलेले नर गर्भ मादीसारखे वाढले. वृषणाऐवजी टेस्टोस्टेरॉनसारखे औषध दिले, तर नराच्या नलिका टिकल्या, पण मादीच्याही राहिल्या. म्हणजे त्या पुसणारे द्रव्य दुसरेच होते.

मुंबईच्या तरुणाच्या बाबतीत नेमके तेच घडले. टेस्टोस्टेरॉनने आपले काम केले, म्हणून बाह्य शरीर पुरुषाचे घडले. एएमएचचा आदेश मात्र पोचला नाही. अशा बहुतेक रुग्णांत एएमएचचे जनुक तरी बिघडलेले असते, नाहीतर ते ओळखणाऱ्या ग्राहीचे. लहानपणी रक्त तपासले तर फरक कळतो: जनुकात दोष असेल तर एएमएच जवळजवळ नसते, ग्राहीत दोष असेल तर भरपूर असते. वयात आल्यावर ते सगळ्यांचेच घटते, त्यामुळे नंतर ही तपासणी तितकी बोलकी राहत नाही.

याच्या उलटही होते. टेस्टोस्टेरॉन तयार होते, पण पेशींना ते ओळखताच येत नाही. मूल मुलगी म्हणून जन्मते, वयात आल्यावर स्तन वाढतात, पण पाळी येत नाही. एएमएचने काम चोख केलेले असल्याने तिला गर्भाशय नसते, आणि आत वृषणे असतात. एसआरवायच निकामी असेल, तर वृषण होतच नाही आणि दोन्ही हार्मोने नसतात. त्या मुलीला गर्भाशय असते, पण अंडाशय नसल्याने ती आपोआप वयात येत नाही. तिच्या अविकसित ग्रंथींत गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून त्या काढून टाकतात.

खुणा लहानपणीच दिसू शकतात. सहा महिन्यांच्या मुलाची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील किंवा लहान मुलीच्या जांघेत दोन्हीकडे हर्निया असेल, तर बालशल्यचिकित्सकाला दाखवून सोनोग्राफी आणि गुणसूत्रांची तपासणी करायची का, हे विचारावे.